पैसे आले, पण कोणाचे?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मिठाईच्या दुकानातला साउंडबॉक्स सारखा बोलत असतो. ‘पाचशे चाळीस रुपये मिळाले’, एवढंच तो सांगतो. ते कोणत्या ऑर्डरचे, हे त्याला ठाऊक नसतं. छापील क्यूआर सगळ्या गिऱ्हाइकांना एकच. रक्कम ज्याची त्याने टाकायची, त्यामुळे पैसे आणि ऑर्डर यांची गाठ दुकानदारालाच घालावी लागते.

समजा, जोशीकाकू आणि साठे, दोघांनीही फोनवरून 540 रुपयांची काजूकतली सांगून ठेवली आहे. सव्वासहाला बँकेचा मेसेज येतो : 540 रुपये जमा, पाठवणारा अमेय. तेवढ्यात साठ्यांचा मुलगा ‘पैसे टाकलेत’ म्हणत हजर होतो. रक्कम जुळली, वेळही जुळली, पुडा त्याच्या हाती जातो. मग काकू येतात. अमेय त्यांचा भाचा, आणि साठ्यांचे पैसे अजून आलेलेच नसतात. घरातला कुणीही कुणाच्याही खात्यातून पैसे भरतो, म्हणून नावावर फार विसंबू नये.

पक्की खूण म्हणजे यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तो गिऱ्हाइकाच्या अ‍ॅपमध्ये आणि दुकानदाराच्या व्यवहारयादीत एकच असतो. काही अ‍ॅप स्वतःचा अक्षरं मिसळलेला वेगळा क्रमांकही दाखवतात. तो इथे कामाचा नाही, ‘यूटीआर’ किंवा ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’ विचारायचा. शेवटचे चार आकडे गिऱ्हाइकाने वाचावेत, आपण ते आपल्या यादीत शोधावेत आणि वहीत त्या ऑर्डरपुढे लिहावेत. एकदा लिहिलेला क्रमांक दुसऱ्या ऑर्डरला चालत नाही, त्यामुळे एकच पेमेंट दोघांनी दाखवलं तर तिथेच कळतं.

शोधायचं मात्र आपल्याच फोनमध्ये, बँकेचं किंवा दुकानाचं अ‍ॅप स्वतः उघडून. हिरवी खूण असलेला स्क्रीनशॉट कुणालाही बनवता येतो, हुबेहूब पडदा दाखवणारी खोटी अ‍ॅप निघाली आहेत, आणि ‘जमा झाले’ असा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरूनही पाठवता येतो.

कधी गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात, पण आपल्या यादीत येत नाहीत. तेव्हा त्याला खोटं ठरवू नये आणि मालही देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमानुसार दुकानाला पुष्टी न मिळालेली अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जायला हवी. गर्दीच्या वेळी रोख घेतलेली बरी.

रात्री वहीत ऑर्डर नसलेलं एखादं पेमेंट उरतं. दुसऱ्या दिवशी ‘चुकून आले, या नंबरवर परत पाठवा’ असा फोन आला, तर त्या नव्या नंबरवर काहीही पाठवू नये. खरंच परत करायचे असतील, तर यादीतला तोच व्यवहार उघडून, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात.