जुळ्यांची नावं: एकाच अक्षराचा मोह कुठे नडतो?

सोलापुरात जुळ्यांचं बारसं असलं की पाळण्याजवळ दोन आत्या उभ्या असतात आणि घरात आठवडाभर एकच चर्चा चाललेली असते: नावं जुळली पाहिजेत. ‘स’वरून दोन्ही, किंवा शेवट तरी सारखा. ऐकायला ते गोड वाटतं. अडचण पुढे येते, कारण महाराष्ट्रात नाव लिहायची जी पद्धत आहे, तिच्यात जुळ्यांच्या नावातला वेगळा भाग मुळातच फार छोटा असतो.

आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि मग आडनाव येतं. म्हणजे भावंडांच्या तीन आद्याक्षरांपैकी दोन आधीच सारखी. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारच्या निर्णयानुसार आईचंही नाव येतं. क्रम असा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आता चारपैकी तीन अक्षरं सारखी झाली. समजा आई स्मिता, वडील संतोष, आडनाव शिंदे, आणि मुलींची नावं शर्वरी आणि सायली. देवनागरीत ‘श’ आणि ‘स’ वेगळे आहेत, पण इंग्रजी अर्जात दोघीही S.S.S.S. होतात. जन्मतारीख एक, पत्ता एक, पालकांचा मोबाइल नंबर एक. यादीत दोघींना वेगळं करणारं जे काही उरतं, ते पहिल्या नावातली S नंतरची अक्षरं.

याचा त्रास सर्वात जास्त पहिल्या पाच वर्षांत होऊ शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांचं आधार काढताना बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅन घेत नाहीत. फोटो, माहिती आणि पालकाच्या आधारशी जोडणी एवढंच असतं. दोन्ही मुली किंवा दोन्ही मुलगे असतील तर फोटोही फारसा उपयोगी पडत नाही. याच काळात लसीकरणाचं कार्ड भरलं जातं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस दोघांना एकाच दिवशी असतात आणि कार्डं एकावर एक ठेवलेली असतात. त्यात एकाला ताप असल्यामुळे त्या दिवशीची लस पुढे ढकलली आणि नोंद दुसऱ्याच्या कार्डावर झाली, तर महिन्याभरानंतर कोणाची लस राहिली हे ओळखायला फक्त नावाचा आधार उरतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2019 पासून नवजात बाळांची ओळख वेगळी ठेवण्यासाठी खास पद्धत बंधनकारक केली, ती अशाच गोंधळामुळे.

पत्रिकेतलं अक्षर एकच का येतं?

अनेक घरांत सारख्या आद्याक्षराचं कारण हौस नसतं, पत्रिका असते. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण असतात आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात. जुळी बाळं बहुतेक वेळा काही मिनिटांच्या अंतराने जन्मतात, त्यामुळे चरण बदलायच्या नेमक्या वेळी जन्म झाला नसेल, तर दोघांना एकच अक्षर मिळतं. गुरुजींनी ‘दोघांचंही सा’ सांगितलं, तर त्यात चूक काही नाही.

परंपरेतच यावर वाट आहे. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं, हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ज्यांना व्यवहारातलं नावही पत्रिकेला धरून हवं, ती घरं चरणाऐवजी राशीची अक्षरं घेतात. एका राशीत नऊ चरण येतात. वरचं ‘सा’ शततारका नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं, रास कुंभ. कुंभेची अक्षरं गू, गे, गो, सा, सी, सू, से, सो, दा. म्हणजे रास न बदलता ग, स आणि द अशी तीन वेगळी आद्याक्षरं हातात येतात. एकीचं नाव सायली ठेवलं आणि दुसरीचं गोदावरी, तर रास तीच राहते आणि अर्जावर S आणि G स्पष्ट वेगळे दिसतात.

हाक मारल्यावर काय ऐकू येतं?

आद्याक्षर वेगळं असलं म्हणजे काम झालं असं नाही. दुसऱ्या खोलीतून हाक मारली की व्यंजनं पुसट होतात आणि स्वर पोचतात. रोहन आणि मोहन यांची आद्याक्षरं वेगळी आहेत, पण लांबून दोन्ही ‘ओ-अन’ असंच ऐकू येतं. अनिकेत आणि अभिषेक ही जोडी याहून फसवी आहे. शेवट जुळत नाही, त्यामुळे वेगळी वाटते. पण स्वर मोजले तर दोन्हींत अ, इ, ए याच क्रमाने येतात. लांबी तीच, आद्याक्षरही तेच. घरात अनि आणि अभि झाले की फरक एका व्यंजनाचा.

मंगेशकर भावंडांची नावं या दृष्टीने ऐकण्यासारखी आहेत. लता, मीना आणि हृदयनाथ सहज वेगळी कळतात. आशा आणि उषा मात्र फक्त पहिल्या स्वरावर वेगळ्या होतात. याउलट ज्ञानेश्वरांच्या घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता: चौघांची आद्याक्षरं, स्वर आणि शेवट वेगळे, तरी अर्थाने नावं एकाच कुळातली वाटतात. लव-कुश, नकुल-सहदेव यांच्या नावांतही यमक नाही. नावं अर्थाने जोडली की कानाला वेगळी राहू शकतात, हे आपल्या जुन्या जोड्यांत आधीपासून आहे.

लाडाचं नावही आधीच तपासावं लागतं, आणि सोलापुरात तर जास्तच. ग्रामदैवतावरून एकाचं नाव सिद्धेश्वर आणि दुसऱ्याचं सिद्राम ठेवलं, तर कागदावर दोन्ही वेगळी. गल्लीत दोघेही ‘सिद्धू’. शिवाय या शहरात शेजारी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे असतात. नाव कुणाच्या तोंडी कसं छोटं होईल, हे आईवडिलांच्या हातात नसतं.

बहीण-भाऊ जुळे असतील तर एक वेगळा सापळा आहे. आर्य आणि आर्या ही नावं मराठीत वेगळी, पण इंग्रजीत दोन्ही Arya. त, ट दोन्ही T. द, ड दोन्ही D. क, ख दोन्ही K. म्हणून नावं पक्की करण्याआधी दोन्ही पूर्ण नावं, आईवडिलांच्या नावांसह, एकाखाली एक इंग्रजीत लिहून पाहिलेली बरी. नंतर स्वयंपाकघरातून, कुकर चालू असताना, दोन्ही हाका मारून बाहेरच्या खोलीतल्या माणसाला कोणती ऐकू आली ते विचारावं. पाच हाकांत दोन चुकल्या तर जोडी बदलायला हवी.

बाराव्या दिवशीच निर्णय घ्यायची कायद्याची घाई नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. जुळ्यांसाठी प्रत्येक बाळाचा वेगळा अर्ज भरतात आणि शेरा रकान्यात जुळं असल्याचं लिहितात. नाव नंतर टाकायला नोंदणीपासून 12 महिने शुल्क लागत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत टाकता येतं. मात्र 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरला जातो, त्यामुळे फार लांबवणंही परवडत नाही. दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी दोन्ही दाखल्यांवरचं लिंग आणि इंग्रजी स्पेलिंग शेजारी ठेवून वाचावं.