पंप स्वस्त, पंप महाग: कारखान्याच्या वरखर्चाची वाटणी

कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूचा खर्च दोन प्रकारचा असतो. कच्चा माल आणि ती वस्तू घडवणाऱ्या कामगाराची मजुरी थेट त्या वस्तूच्या नावावर लिहिता येते. यंत्रांची देखभाल, वीज, स्टोअर, खरेदी विभाग, तपासणी, डिझाइन, सुपरवायझरचा पगार हा खर्च मात्र सगळ्या वस्तूंचा मिळून असतो. त्याला अप्रत्यक्ष खर्च किंवा ओव्हरहेड म्हणतात आणि तो कुठल्यातरी नियमाने वस्तूंवर वाटावा लागतो. हा नियम चुकला की वस्तूची किंमत चुकते आणि नफा कुठे होतो याचा अंदाजही चुकतो.

पारंपरिक नियम सोपा आहे. वर्षाच्या एकूण ओव्हरहेडला मजुरीच्या किंवा यंत्राच्या एकूण तासांनी भागायचे, दर तासाचा एक आकडा काढायचा आणि ज्या वस्तूला जितके तास लागतात तितका बोजा तिच्यावर टाकायचा. ही पद्धत रूढ झाली तेव्हा मजुरी हा खर्चाचा मोठा भाग होता आणि ओव्हरहेड तुलनेने लहान. पुढे यंत्रे वाढली, मजुरीचा वाटा घटला, एकाच छपराखाली अनेक तऱ्हेचा माल निघू लागला. दर काढण्याची रीत मात्र तीच राहिली.

यातून काय घडते हे एका कल्पित पंप कारखान्याच्या आकड्यांवरून पाहता येईल. कारखाना वर्षाला 9,500 साधे घरगुती पंप बनवतो आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे 500 विशेष पंप. दोन्हींना मजुरीचे दोन-दोन तास लागतात, म्हणजे एकूण 20,000 तास. वर्षाचे ओव्हरहेड 60 लाख रुपये, म्हणून तासाचा दर 300 रुपये आणि प्रत्येक पंपावर 600 रुपये. साध्या पंपाचा माल आणि मजुरी 2,400 रुपये, त्यामुळे एकूण खर्च 3,000. विशेष पंपाचा थेट खर्च 4,400, एकूण 5,000. साधा पंप 3,200 ला विकला जातो, विशेष पंप 7,500 ला. हिशेब सांगतो की साध्या पंपामागे 200 रुपये सुटतात आणि विशेष पंपामागे 2,500. असा कागद समोर आला की मालक साहजिकच विशेष पंपांच्या ऑर्डरी वाढवायला निघतो.

अॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, म्हणजे कामानुसार परिव्यय, इथे वेगळा प्रश्न विचारते: हे 60 लाख नेमक्या कोणत्या कामांवर खर्च झाले, आणि ती कामे कोणत्या पंपासाठी करावी लागली? समजा, यंत्रे चालवण्यावर 24 लाख गेले. यंत्राचा वेळ दोन्ही पंपांना सारखाच लागतो, म्हणून ही रक्कम नगावर वाटणे रास्त आहे. उरलेल्या 36 लाखांची गोष्ट वेगळी आहे. एक माल संपवून दुसऱ्यासाठी यंत्र जुळवणे, म्हणजे सेट-अप, यावर 16 लाख खर्च होतात. वर्षात 160 सेट-अप होतात, त्यांतले 100 विशेष पंपांसाठी, कारण ते लहान लहान बॅचमध्ये निघतात. खरेदी आणि स्टोअरवर 12 लाख जातात. 600 खरेदी ऑर्डरींपैकी 400 विशेष पंपांच्या सुट्या भागांच्या आहेत. डिझाइन आणि चाचणीचे 8 लाख आहेत, आणि इंजिनिअरांच्या 1,600 तासांपैकी 1,400 तास याच पंपांनी खाल्ले.

आता प्रत्येक कामाचा स्वतंत्र दर निघतो: सेट-अपला 10,000 रुपये, खरेदी ऑर्डरला 2,000, इंजिनिअरच्या तासाला 500. या दरांनी विशेष पंपांकडे सेट-अपचे 10 लाख, खरेदीचे 8 लाख, इंजिनिअरिंगचे 7 लाख आणि यंत्राचे 1 लाख 20 हजार येतात. एकूण 26 लाख 20 हजार, म्हणजे नगाला 5,240 रुपये. साध्या पंपाच्या वाट्याला सुमारे 356 रुपये उरतात. विशेष पंपाचा खरा खर्च 9,640 ठरतो आणि प्रत्येक नगामागे 2,140 रुपयांचा तोटा दिसतो. साध्या पंपाचा नफा सुमारे 444 रुपये होतो. कारखान्याचा एकूण नफा दोन्ही हिशेबांत साडेएकतीस लाखच आहे. फक्त तो कोण कमावतो याचे उत्तर उलटे झाले.

अशी उलटापालट प्रत्यक्ष उद्योगातही झाली आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातील वॉटर्लू इथे जॉन डिअर कंपनीचा सुटे भाग बनवणारा कारखाना होता. 1980 च्या दशकात शेती अवजारांची मागणी घसरली, तेव्हा या कारखान्याला आपल्याच कंपनीच्या इतर विभागांच्या कामासाठीही बाहेरच्या पुरवठादारांशी स्पर्धा करत दर द्यावे लागले. मोठ्या संख्येने लागणाऱ्या भागांची कामे हातची जाऊ लागली आणि थोड्या संख्येच्या भागांची मिळू लागली. कारण वाटणीतच होते: मोठ्या बॅचवर बोजा जास्त पडत होता, लहान बॅचवर कमी. कारखान्याने मग सेट-अप, उत्पादन ऑर्डरी, मालाची हाताळणी अशा कामांवर आधारलेला हिशेब मांडला. हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लान यांनी या प्रकरणाचा अभ्यास लिहिला, आणि रॉबिन कूपर यांच्यासह त्यांनी ही पद्धत जगभर नेली.

कूपर यांची एक मांडणी इथे फार उपयोगी आहे. काही खर्च नगागणिक वाढतो, काही बॅचगणिक, काही केवळ ती वस्तू यादीत आहे म्हणून होतो आणि काही अख्ख्या कारखान्याचा असतो. सेट-अप बॅचचा खर्च आहे. एका वेळी 5 पंप निघोत की 500, सेट-अप एकच लागतो. पारंपरिक दर या सगळ्या थरांना नगाच्या थरात ओततो आणि चूक तिथेच होते. जागेचे भाडे किंवा पहारेकऱ्याचा पगार मात्र कोणत्याच कामाशी प्रामाणिकपणे जोडता येत नाही. तो वस्तूंवर न लादता वेगळा दाखवणेच बरे.

नव्या आकड्यांवरून विशेष पंप लगेच बंद करणे ही दुसरी चूक ठरेल. ते बंद झाले म्हणून सेट-अप करणाऱ्यांचे पगार दुसऱ्या दिवशी थांबत नाहीत. मोकळा झालेला वेळ दुसऱ्या कामाला लावला किंवा माणसे कमी केली, तरच 26 लाख वाचतात. त्याआधी करण्यासारखे बरेच असते: किमान ऑर्डरची अट, सेट-अपचा वेगळा आकार, दोन-तीन मॉडेलांना समान भाग.

या पद्धतीचा मोठा अडथळा माहिती गोळा करण्याचा आहे. कोणाचा किती वेळ कशात गेला, असे विचारत फिरणे महाग पडते आणि लोक आपला रिकामा वेळ सांगत नाहीत. 2004 मध्ये कॅप्लान आणि स्टीव्हन अँडरसन यांनी सोपी रीत मांडली: विभागाच्या उपलब्ध तासांवरून तासाचा दर काढायचा आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ अंदाजाने ठरवायचा. आपल्या पंप कारखान्यात सेट-अप विभागाचे 2,000 तास असतील तर तासाचा दर 800 रुपये. वापरले 1,600 तास, तर उरलेले 3 लाख 20 हजार रुपये रिकाम्या क्षमतेचे. ते कोणत्याही पंपाच्या माथी मारायचे नाहीत.

मोठ्या ऑर्डरी प्रतिस्पर्धी आपल्या खर्चापेक्षाही कमी दरात घेत असतील, किचकट मालाची किंमत वाढवूनही गिऱ्हाईक तक्रार करत नसेल, आणि विक्री वाढूनही वर्षाअखेर नफा जागचा हलत नसेल, तर वाटणी तपासायची वेळ आली आहे. सगळा माल एकाच धाटणीचा असेल किंवा ओव्हरहेड थोडे असेल, तर तासाचा जुना दर पुरेसा आहे आणि नव्या पद्धतीचा खर्च करण्याची गरज नाही.