एक्स्ट्रा बेड नेमका कोणाचा?

मैत्रिणींच्या सहलीत खोलीचं बिल वाटताना कुरबुर होते ती बहुतेक वेळा एकाच ओळीवरून: ‘एक्स्ट्रा बेड’. त्यातून एकीबरोबर मूल असेल तर ती ओळ मुलाच्याच नावावर टाकली जाते.

गैरसमज : मूल आलं म्हणून गादी लागली, तेव्हा गादीचे पैसे मुलाच्या आईने द्यावेत.

कधी हे बरोबर असतं, कधी साफ चूक. आपल्याकडच्या बहुतेक हॉटेलांत खोलीचा दर दोन माणसांचा असतो. तिसरं मोठं माणूस आलं की एक्स्ट्रा बेड लागतो, मग मूल सोबत असो वा नसो. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच: मूल आलं नसतं तर बिल किती झालं असतं?

उदाहरण घेऊ. तीन मैत्रिणी दोन रात्रींसाठी महाबळेश्वरला गेल्या, एकीबरोबर सात वर्षांची मुलगी. चौघी एकाच खोलीत. एका रात्रीचं भाडं ४,००० रुपये, मोठ्या माणसाच्या एक्स्ट्रा बेडचे १,२०० आणि वेगळी गादी न घेता राहणाऱ्या मुलीचे, नाश्त्यासह, ६०० असे धरू. दोन रात्रींचे झाले ११,६००. त्यावर ५ टक्के जीएसटी ५८०. एकूण १२,१८० रुपये.

मुलगी आली नसती तरी तिघींना खोली आणि एक गादी लागलीच असती. ते बिल करासह १०,९२० झालं असतं, म्हणजे प्रत्येकी ३,६४०. मुलीमुळे वाढले ते १,२०० आणि त्यावरचा कर ६०, एकूण १,२६०. तेव्हा दोघींनी ३,६४० द्यावेत आणि आईने ४,९००. रात्री त्या गादीवर मुलगी झोपली म्हणून हा हिशेब बदलत नाही. ती गादीवर गेली तेव्हा पलंगावरची तिची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतलीच होती.

आता याच तिघींऐवजी दोघीच गेल्या असत्या आणि मुलीसाठी गादी मागवली असती, तर मात्र गादीचे सगळे पैसे आईचेच. खोली निम्मी-निम्मी, गादी तिची.

गैरसमज : डोकी मोजून वाटणी केली की कुणावर अन्याय होत नाही.

वरचंच बिल चार डोक्यांत वाटून पाहा. डोक्यामागे ३,०४५ रुपये आणि आईकडे दोन डोकी, म्हणजे तिचे ६,०९०. मुलीमुळे खर्च वाढला १,२६० रुपयांनी, पण आईच्या खिशातून गेले ३,६४० पेक्षा २,४५० जास्त. उरलेल्या दोघींना मात्र मुलगी आली नसती तर पडले असते त्यापेक्षा प्रत्येकी ५९५ रुपये कमी पडले. सोबत लेकरू आणलं म्हणून एकीने इतरांचं भाडं भरायचं, हे मला मुळीच पटत नाही. उलट टोकाला, सरसकट तीन भाग केले तर प्रत्येकी ४,०६० होतात आणि दोघींना मुलीच्या खर्चातले प्रत्येकी ४२० सोसावे लागतात. त्यांनी हौसेने सोसले तर आनंदच, पण ते त्यांनी स्वतःहून म्हणायला हवं. आईने गृहीत धरू नये.

गैरसमज : पाच वर्षांखालच्या मुलाचे पैसे लागतच नाहीत.

असा कायदा नाही. प्रत्येक हॉटेलचा नियम वेगळा. अनेक ठिकाणी लहान मूल मोफत असतं ते आईवडिलांच्या पलंगावर झोपत असेल तरच. वेगळी गादी मागितली की पैसे लागू शकतात. काही ठिकाणी गादी न घेताही जादा माणसाचा आकार लावतात, कारण त्यात नाश्ता धरलेला असतो. वयाचा पुरावा मागू शकतात, तेव्हा मुलाचं आधार कार्ड जवळ असू द्यावं.

गैरसमज : कर खोलीवर असतो, गादीवर नाही.

गादीचे पैसे राहण्याच्या सेवेचाच भाग असतात, त्यामुळे त्यांवरही जीएसटी लागतो. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ५ टक्के आहे. आधी तो १२ टक्के होता. म्हणून वाटणी करताना ज्याच्या वाट्याला गादी, त्याच्याच वाट्याला तिचा कर.

टॅक्सीचंही तसंच. मूल आल्याने गाडी मोठी करावी लागली नसेल, तर त्याचा वेगळा भाग धरू नये. जेवणात त्याने मागवलेलं त्याच्या आईचं.

हे सगळं बिल हातात आल्यावर बोलायला अवघड जातं. म्हणून बुकिंगच्या वेळीच हॉटेलला फोन करून तीन आकडे वेगवेगळे विचारा: खोलीचे किती, तिसऱ्या मोठ्या माणसाचे किती, मुलाचे किती. ते ग्रुपवर टाका आणि कुणी काय द्यायचं ते पैसे भरण्याआधीच ठरवून घ्या.