टोपड्याने कान बसत नाहीत

पालेगावातल्या एखाद्या घरात बाळाचे कान पुढे आलेले दिसले, की आजी टोपडं घट्ट बांधते, मालीश करताना कान मागे दाबते आणि म्हणते, "मोठा झाला की बसतील." कान दाबावा हे आजीचं म्हणणं अगदीच चूक नाही, फक्त पद्धत चुकते.

कानाच्या बाहेरच्या कडेच्या आत एक उभी घडी असते. ती नीट पडली नसेल किंवा कानाची वाटी खोल असेल, तर कान डोक्यापासून दूर राहतो. टोपडं अख्खा कान चपटा करतं, घडी पाडत नाही. सोडलं की कान पुन्हा पुढे.

घडी पाडायला लागते कानपट्टी. सिलिकॉनच्या बारीक नळीत मऊ तार घालून ती कडेच्या आतल्या खोबणीत बसवतात, चिकटपट्टीने धरतात आणि कान मागे चिकटवतात. नवजात बाळात हे जमतं, कारण आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे कूर्चा मऊ असते. हा परिणाम साधारण सहा आठवड्यांत ओसरतो. म्हणून बारशाच्या सुमारास पट्टी लावली, तर दोन-चार आठवड्यांत काम होऊ शकतं. दुसऱ्या महिन्यात लावली तर जास्त आठवडे लागतात आणि खात्रीही कमी. तीन महिन्यांनंतर सहसा उपयोग होत नाही.

"आपोआप बसतील" हे काही दुमडलेल्या कानांबाबत पहिल्या आठवड्यात खरं ठरतं, पुढे आलेल्या कानांबाबत क्वचितच. आठवडाभर वाट पाहावी, महिनाभर नको. पट्टी घरी बनवू नये. ती बालरोगतज्ज्ञाच्या किंवा प्लास्टिक सर्जनच्या देखरेखीखालीच लावावी. न जाणारा लालसरपणा, फोड किंवा दुर्गंध आला, तर ती काढून डॉक्टरांना दाखवावं.

संधी हुकली, तर मग शस्त्रक्रिया, पण तिच्यासाठी थांबायचं. "बालवाडीआधीच ऑपरेशन उरकू" ही घाई माझ्या मते पालकांचीच असते. पाच-सहा वर्षांपर्यंत कान मोठ्या माणसाच्या कानाएवढा होत आलेला असतो, कूर्चा टाके धरते आणि मूल ऑपरेशननंतरची पट्टी ओरबाडत नाही. त्याला स्वतःला कान खटकतात का, हेही ते सांगू शकतं. वय उलटलं म्हणून दार बंद होत नाही. मोठेपणीही शस्त्रक्रिया होते. ऐकण्याशी तिचा संबंध नाही.

आपल्याकडून लोकलने गाठता येणाऱ्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. शस्त्रक्रियेसाठी मुलांना बहुधा पूर्ण भूल देतात. कानामागे छेद घेऊन न विरघळणाऱ्या टाक्यांनी घडी पाडतात. वाटी खोल असेल तर ती मागच्या हाडावरच्या आवरणाला टाचतात. साधारण आठवडाभर डोक्याला पट्टी, नंतर काही आठवडे रात्री हेअरबँड. टाके सैल पडून कान थोडा पुन्हा पुढे येऊ शकतो. मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच कानात दुखणं वाढत गेलं, तर आत रक्त साचलं असू शकतं. पट्टी सोडायच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.