गालावरचे खड्डे

या गोष्टीतला नायक चौतीस वर्षांचा, पुण्यात नोकरी करणारा. कॉलेजात असताना आलेल्या मुरुमांनी गालांवर खड्डे ठेवले आणि ते झाकायला त्याने दाढी राखली. हॉटेलात शिरला की हा आधी खिडकीकडे पाठ करून बसणार. बाजूने येणाऱ्या उजेडात खड्ड्यांच्या सावल्या पडतात, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. लिंबू, मुलतानी माती, जाहिरातीतली क्रीमं सगळं करून झालं. पण खड्डा म्हणजे डाग नव्हे. तिथलं त्वचेच्या आतल्या थरातलं कोलॅजनच नाहीसं झालेलं असतं. वरून कितीही चोपडा, ते भरत नाही.

शेवटी थोरल्या बहिणीने परस्पर अपॉइंटमेंट घेतली.

डॉक्टरबाईंनी बाजूने दिवा धरला आणि दोन बोटांनी गाल ताणला. पसरट खड्डे दिसेनासे झाले. टाचणी टोचल्यासारखे बारीक, खोल खड्डे तसेच राहिले. एवढ्याशा तपासणीवर पुढचं बरंच ठरतं. जबड्यापाशी अजून नवे मुरूम येत होते, म्हणून पहिले काही महिने फक्त त्यांवर औषध. नवे व्रण होत असताना जुने भरण्यात अर्थ नसतो.

ताणल्यावर जाणारे खड्डे आतल्या तंतूंनी खाली ओढून धरलेले असतात. भुलीचं इंजेक्शन देऊन, त्वचेखाली सुई सरकवून ते तंतू कापतात. याला सबसिजन म्हणतात. दुखलं फारसं नाही, पण तंतू तुटताना कट्‌कट् जाणवत होतं, असं तो सांगतो. नंतर काही दिवस गाल काळानिळा. बारीक खड्ड्यांना उपाय वेगळा. टूथपिकच्या टोकाने टीसीए हे तीव्र आम्ल खड्ड्याच्या तळाला टेकवायचं. क्षणात तिथे पांढरा ठिपका उमटतो, पुढे खपली धरते आणि तळाशी हळूहळू नवं कोलॅजन तयार होतं. महिना-दीड महिन्याच्या अंतराने हे पुन्हा करावं लागतं.

एका खेपेनंतर हे महाशय सनस्क्रीन न लावता मोटरसायकलवरून लोणावळ्याला गेले. आम्ल लावलेल्या जागा तपकिरी पडल्या आणि ते डाग जायला कित्येक महिने गेले. आपल्या सावळ्या कातडीत हा धोका जास्त.

“पूर्ण जातील ना?” या प्रश्नाला बाईंनी पहिल्याच दिवशी सरळ “नाही” म्हटलं होतं. सव्वा वर्षानंतर खड्डे उथळ झालेत, जवळून पाहिलं तर दिसतात. दाढी त्याने काढली.

हे काम ब्युटी पार्लरचं नव्हे, आणि टीसीए घरी आणून लावून पाहण्याची वस्तू तर मुळीच नव्हे. चुकलं तर नवा व्रण पडतो. त्वचारोगाची पदवी किंवा पदविका असलेला डॉक्टर गाठा, आणि शंभर टक्क्यांची हमी देणारा भेटला तर दुसरा शोधा.