ॲलर्जी की सायनस? नाकाची एक बाजू काय सांगते

ओपीडीत रोज निदान चार जण तरी बसता बसता सांगतात, "डॉक्टर, मला सायनस आहे." मी म्हणतो, तो तर प्रत्येकालाच असतो. सायनस हे आजाराचे नाव नाही. नाकाभोवतीच्या हाडांत ज्या हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. दोन्ही गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या खूप मागे, अशा त्यांच्या चार जोड्या असतात. त्यांना संसर्ग झाला की आजार होतो. पण आपल्याकडे शिंका आल्या तरी सायनस, डोके दुखले तरी सायनस आणि नाक चोंदले तरी सायनस. या गोंधळाची किंमत कधी कधी महिनोन्महिने मोजावी लागते. आमच्याकडे आलेल्या एका रुग्णाची हकीकत सांगतो.

शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारे हे गृहस्थ, वय सेहेचाळीस. पत्नीसोबत आले होते. सात आठवड्यांपासून नाक चोंदलेले, उजवा गाल जड, आणि तुटलेला धागा जोडायला खाली वाकले की गालात ठणका. नाकातून घट्ट, पिवळा स्राव येत होता. त्यांना अनेक वर्षांपासून सकाळी उठल्यावर शिंका येत, सुताच्या धुळीने नाक वाहे. म्हणून यावेळीही सोबतच्या कामगारांनी सांगितले, "धुळीची ॲलर्जी आहे, गोळी घे." मेडिकलमधून ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, नाक मोकळे करणारे थेंब महिनाभर झाले. मधे पाच-पाच दिवसांचे अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. प्रत्येक वेळी चार दिवस बरे वाटले आणि आठवड्यात पुन्हा तेच.

ॲलर्जी ओळखायची कशी?

ॲलर्जीत शरीर धूळ, परागकण, गादीतले सूक्ष्म कीटक किंवा गाजर गवत अशा गोष्टींना शत्रू समजते आणि नाकाच्या आतली त्वचा सुजते. तिची खूण म्हणजे खाज आणि शिंका. नाक खाजते, डोळे खाजतात व पाणावतात, टाळूही खाजते. एका पाठोपाठ आठ-दहा शिंका येतात. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येतो. हे सगळे बहुधा दोन्ही बाजूंना होते, आणि त्यात चढउतार असतो. झाडलोट केली की वाढते, धुळीपासून दूर गेले की कमी होते. ताप येत नाही.

सायनसच्या संसर्गाचे चित्र वेगळे असते. शिंका आणि खाज फारशी नसते. नाक चोंदते, स्राव घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो, तो घशातही उतरतो. गालावर, कपाळावर किंवा डोळ्यांच्या मधे दाब जाणवतो, वास कमी येतो. मात्र नुसत्या रंगावरून निर्णय करू नका. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा होतो, आणि तेवढ्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही. रंगापेक्षा दिवस मोजा. साधी सर्दी पाच-सहा दिवसांनी उतरू लागते. दहा दिवस झाले तरी काहीच फरक नाही, किंवा बरी होत आलेली सर्दी पुन्हा उलटून ताप आणि दाब वाढला, तर जिवाणूंचा संसर्ग झाल्याची शक्यता धरावी लागते. बारा आठवड्यांच्या पुढे गेली तर ती जुनाट सायनसची सूज, आणि तिची तपासणी दुर्बिणीने किंवा सीटी स्कॅनने व्हायला हवी.

अडचण अशी की ॲलर्जी आणि संसर्ग एकाच माणसात असू शकतात. गालातल्या पोकळीचे तोंड अगदी लहान असते, आणि ते तळाशी नसून वरच्या बाजूला असते. म्हणजे आत तयार होणारा स्राव आपोआप खाली वाहून जात नाही. आतल्या त्वचेवरची सूक्ष्म लव तो रोज वर ढकलत बाहेर काढते. ॲलर्जीने किंवा सर्दीने ते तोंड सुजून बंद झाले की स्राव आत तुंबतो. जुनी ॲलर्जी असलेल्याला नवा आजार झाला तर त्याच्यासकट सगळे जण तो जुन्याच खात्यात मांडतात. या रुग्णाचे तेच झाले होते.

तीन प्रश्न

मी त्यांना तीन प्रश्न विचारले. पहिला, "दोन्ही नाकपुड्या चोंदतात की एकच?" उत्तर आले, "उजवीच." दुसरा, "वास कसा येतो?" ते ओशाळून म्हणाले, "लई घाण वास येतोय." पत्नी लगेच म्हणाल्या, "आम्हाला कुणाला येत नाही, डॉक्टर. यांनाच येतो." तिसरा प्रश्न ऐकून दोघेही चकित झाले. "उजवीकडच्या वरच्या दाढेचे कधी काम केले होते का?"

चार वर्षांपूर्वी दाढ किडली होती, तिच्यात सिमेंट भरून घेतले होते. "पण ती आता दुखत नाही," ते म्हणाले.

वरच्या दाढांची मुळे आणि गालातल्या पोकळीचा तळ यांच्यात हाडाचा पातळ पापुद्रा असतो. काहींमध्ये तोही नसतो, फक्त त्वचेचा पडदा असतो. दाढ आतून सडली की मुळाशी पू होतो, आणि हा पू खाली हिरडीत येण्याऐवजी वर सायनसमध्ये फुटतो. दाढेची नस आधीच मेलेली असते, आणि पुवाला वाट मिळाल्याने दाबही राहत नाही. म्हणून दाढ दुखत नाही. दात न दुखता दातामुळे सायनस पिकतो, तो असा. तोंडातले जिवाणू हवेशिवाय वाढणारे असतात. त्यांच्यामुळे तो विशिष्ट कुजका वास येतो, तोही बहुधा रुग्णालाच जाणवतो.

दात आणि गालातली पोकळी यांचे हे नाते नवे नाही. इंग्लंडमधले डॉक्टर नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ मध्ये या पोकळीचे वर्णन केले होते. आजही या पोकळीला त्यांच्या नावाने ओळखतात. तरीही नाकाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे तोंड उघडून बघायचे अनेकदा राहून जाते.

नाक-कान-घसा विभागातील सहकाऱ्यांनी दुर्बिणीने पाहिले. उजव्या बाजूला पोकळीच्या तोंडाशीच पू दिसत होता, डावी बाजू स्वच्छ होती. सीटी स्कॅनमध्ये उजव्या गालाची पोकळी भरलेली होती, आणि तळाशी पहिल्या मोठ्या दाढेच्या मुळाभोवती हाड विरघळलेले दिसत होते. दाताच्या साध्या एक्स-रेमध्ये हे निसटू शकते, म्हणून शंका असेल तर स्कॅन लागतो.

उपचार कुठे करायचा?

अँटिबायोटिकने त्यांना दोनदा बरे का वाटले आणि आजार परत का आला, हे आता कळेल. औषध पोकळीतले जिवाणू कमी करत होते, पण पुवाचा उगम दाढेत होता आणि मेलेल्या दाढेच्या आत रक्तपुरवठाच नसल्याने तिथे औषध पोहोचत नाही. अशा वेळी आधी दाढेचा बंदोबस्त करावा लागतो. दाढ वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनाल, नसेल तर काढणे. यांच्या दाढेचे मूळ चिरलेले होते, म्हणून दंतवैद्यांनी ती काढली. सोबत अँटिबायोटिक आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे.

दाढ काढल्यावर एक काळजी घ्यावी लागते. काही वेळा तोंड आणि सायनस यांच्यात भोक राहते. चूळ भरताना पाणी नाकातून आले तर ते समजावे आणि लगेच दंतवैद्यांकडे जावे. त्यासाठी त्यांना दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचे नाही आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे, असे सांगितले होते. काहींना एवढ्यावर भागत नाही, दुर्बिणीने सायनसचे तोंड मोठे करण्याची शस्त्रक्रिया लागते. यांना लागली नाही.

महिनाभर घातलेले थेंब मात्र आम्ही बंद केले. नाक झटपट मोकळे करणारे हे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर उतार पडल्यावर नाक अधिकच चोंदते, आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. ॲलर्जीसाठी डॉक्टर देतात तो स्टिरॉइडचा स्प्रे वेगळा. तो लगेच मोकळे करत नाही, पुरता परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात आणि रोज घ्यावा लागतो. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजवीत, तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवून मारावा. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येते.

नाक धुण्यासाठी पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येते आणि टाकीत साठते, ते तसेच नाकात घालू नये. एक पेला उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा पुरतो.

हे दिसले तर थांबू नका

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, नजर कमी होणे, तीव्र डोकेदुखीसोबत उलट्या किंवा गुंगी, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात या. सायनस डोळ्याला आणि मेंदूला लागून आहेत. मधुमेह असलेल्यांनी अधिक सावध राहावे. २०२१ च्या कोरोना लाटेत काळ्या बुरशीचा आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस, महाराष्ट्राने जवळून पाहिला. गाल बधिर होणे, नाकात काळी खपली, वरचे दात अचानक हलू लागणे ही त्याची लक्षणे होती, आणि साखर नियंत्रणात नसलेल्यांना तो आजही होऊ शकतो. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्तमिश्रित स्राव येत असेल तर गाठ नाही ना, हे तपासावेच लागते. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आधी मणी किंवा चिंचोका अडकला आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. घरी चिमट्याने काढू नका, वस्तू आत सरकते.

आमचे रुग्ण सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायला आले. गालाचा जडपणा गेला होता, वास गेला होता, उजवी नाकपुडी मोकळी होती. सकाळच्या शिंका मात्र अजून येतात. ती त्यांची ॲलर्जी, ती राहणारच. त्यासाठी आता ते मागावर तोंडाला फडके बांधतात आणि रात्री स्प्रे घेतात. दोन आजार होते, दोघांचे उपचार आता वेगळे झाले आहेत.