पैसे कुठून कुठे गेले, ते लिहा

बनावट खरेदी-संकेतस्थळावर फसलेल्या माणसाचा तक्रार अर्ज बहुतेक वेळा असा सुरू होतो : ‘माझी ऑनलाइन खरेदीत मोठी फसवणूक झाली असून मला प्रचंड मनस्ताप झाला आहे.’ मनस्ताप खराच असतो, पण सायबर पोलिसांना त्यावरून काहीच शोधता येत नाही. त्यांना हवा असतो पैशाचा माग. आणि तो घाईने हवा असतो, कारण फसवणारे आलेली रक्कम एका खात्यात फार वेळ ठेवत नाहीत.

म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करावा. व्यवहाराचे तपशील नोंदले गेले की संबंधित बँकांना सूचना जाते आणि पुढच्या खात्यात जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढी रोखून धरता येते. हीच तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. मिळालेला पोचक्रमांक जपून ठेवावा, तो अर्जात लागतो.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका बाईंना दिवाळीच्या तोंडावर मोबाइलवर जाहिरात दिसली : पैठणी अवघ्या २,४९९ रुपयांत. १० ऑक्टोबर २०२५ ला रात्री ८.४२ वाजता त्यांनी डेबिट कार्डाने पैसे भरले. १३ तारखेला सकाळी फोन आला, ‘पार्सल अडकलंय, १,८५० रुपये भरा, नंतर परत मिळतील.’ ११.१५ वाजता तेही यूपीआयने गेले. मग ‘परतावा देतो’ म्हणून क्यूआर कोड आला. तो स्कॅन करून पिन टाकताच ११.३१ वाजता ९,९९९ रुपये खात्यातून गेले. पैसे मिळवायला पिन लागत नाही, हे त्या घाईत लक्षात आलं नाही. एकूण १४,३४८ रुपये.

फोनवर सांगताना शेवटचा व्यवहार आधी सांगावा, कारण तोच ताजा असतो आणि तीच रक्कम हाती लागण्याची शक्यता जास्त. अर्जात मात्र तारखेच्या क्रमाने लिहावं आणि तिन्ही व्यवहार वेगळे ठेवावेत. एकूण आकडा तेवढा दिला, तर तो बँकेच्या नोंदीत कुठेच सापडत नाही.

वरिष्ठ पोलीस निरीक्षक, सायबर पोलीस ठाणे यांच्या नावाने लिहिलेल्या या अर्जाचा गाभा असा असेल : ‘दि. १३/१०/२०२५ रोजी सकाळी ११.३१ वाजता माझ्या अमुक बँकेच्या अमुक शाखेतील बचत खात्यातून यूपीआयद्वारे ९,९९९ रुपये वजा झाले. यूटीआर क्रमांक अमुक. रक्कम घेणाऱ्याचा यूपीआय आयडी अमुक, ॲपवर दिसलेले नाव अमुक. हा क्यूआर कोड मला अमुक मोबाइल क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर आला होता.’ बाकीच्या दोन व्यवहारांसाठी असेच दोन परिच्छेद.

यूपीआयचा यूटीआर बारा अंकी असतो. ॲपवर त्याशिवाय ॲपचा स्वतःचा वेगळा व्यवहार क्रमांकही दिसतो आणि घोटाळा तिथेच होतो. बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहिलेला क्रमांकच लिहावा. कार्डाच्या व्यवहारात स्टेटमेंटवर दुकानाऐवजी पेमेंट गेटवेचं नाव असू शकतं. ते जसं आहे तसं उतरवावं, कारण पैसे पुढे कोणाला दिले हे गेटवेकडून कळू शकतं. कार्डाचे शेवटचे चार अंक पुरेत. पिन, ओटीपी, सीव्हीव्ही अर्जात कधीही लिहू नये. कार्डाच्या व्यवहाराबद्दल बँकेकडेही वेगळा लेखी वाद नोंदवावा.

संकेतस्थळाचा पत्ता एकेक अक्षर तपासून लिहावा. बनावट पत्त्यात नामांकित दुकानाच्या नावात एखादंच अक्षर बदललेलं असतं आणि आपला हात सवयीने खरं नाव लिहून जातो. असं झालं तर तक्रार भलत्याच दुकानाविरुद्ध होते. पानाचा स्क्रीनशॉट घेताना वरची पत्त्याची पट्टी त्यात आलीच पाहिजे. जाहिरात, ऑर्डरचा संदेश, कॉलची नोंद आणि बँक स्टेटमेंट सोबत जोडावं. रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नये. मूळ पुरावा फोनमध्येच असतो.

‘साइट परदेशातून चालत असावी’ किंवा ‘बँकेतलं कुणी सामील असेल’ असले तर्क अर्जात नकोत. जे दिसलं, ऐकलं, भरलं तेवढंच लिहावं. शेवटी १९३० चा पोचक्रमांक, एकूण रक्कम आणि गुन्हा नोंदवून रक्कम गोठवण्याची विनंती. अर्जाच्या स्वतःजवळच्या प्रतीवर पोच घ्यावी.

रक्कम गोठली म्हणजे परत मिळाली असं नाही. ती सोडवण्यासाठी अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. गोठलेल्या खात्यात इतर फसलेल्यांचेही पैसे असू शकतात. त्यातले ९,९९९ नेमके या बाईंचे, हे त्या वेळी अर्जातला यूटीआर, वेळ आणि स्टेटमेंट जुळवूनच दाखवावं लागतं. अर्जात ‘सुमारे दहा हजार’ लिहिलं असेल तर ही जुळणी अवघड होऊन बसते.